वाइड क्लिप लेन्समुळे व्हिडिओचे कोपरे काळे येतात? या चुका टाळा

सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यात व्हिडिओ काढायचा म्हटलं की पहिली अडचण जागेची असते. दोन मागांमधल्या गल्लीत माणूस जेमतेम उभा राहतो आणि फोनच्या मेन कॅमेऱ्यात चादर विणणारा माग अर्धाच दिसतो. मग फोनवर ०.६ एक्सची स्वस्त क्लिप लेन्स, म्हणजे चिमट्याने बसणारा वाइड अडॅप्टर, चढते. माग पूर्ण बसतो, पण चारही कोपऱ्यांत काळोख येतो. हा काळोख घालवता येतो. मात्र बहुतेक जण तो जिथे घालवायला हवा तिथे घालवत नाहीत आणि नंतर एडिटिंगमध्ये तासन् तास झगडत बसतात.

पहिली चूक: काळेपणा कोणता आहे हे न पाहताच ब्राइटनेस वाढवणं

कोपरे दोन कारणांनी काळे होतात आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे. अडॅप्टरच्या नळीची कडच कॅमेऱ्याला दिसत असेल, तर कोपऱ्यात गोलाकार, स्पष्ट कडेचा काळा तुकडा येतो. तिथे प्रकाश पोचलेलाच नसतो, त्यामुळे उजळायलाही काही नसतं. कितीही ब्राइटनेस द्या, हाती फक्त राखाडी दाणेदार डाग लागतो. हा भाग क्रॉपच करावा लागतो. दुसऱ्या प्रकारात मधून कडेकडे प्रकाश हळूहळू कमी होत जातो. तिथे चित्र शाबूत असतं, फक्त मंद असतं, म्हणून ते उजळता येतं. स्वस्त लेन्समध्ये बहुधा दोन्ही प्रकार एकत्र असतात: अगदी टोकाला नळी आणि तिच्या आत मंद पट्टा.

ओळखायची सोपी रीत म्हणजे पांढरी भिंत. सारखा उजेड पडलेल्या चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीसमोर फोन धरा आणि दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या. भिंत चुन्यासारखी लख्ख न दिसता फिकट राखाडी दिसेल इतकं एक्स्पोजर खाली आणा. मधला भाग पूर्ण पांढरा फुटला, तर कोपऱ्याशी तुलनाच करता येत नाही. कारखान्याच्या आत ही तपासणी करू नका. तिथे ट्यूबलाइट एका बाजूला आणि अंधार दुसऱ्या बाजूला असतो, त्यामुळे जागेचा अंधार लेन्सच्या माथी मारला जातो.

तपासणी फोटो मोडमध्ये करू नका. फोटो ४:३ चा असतो आणि व्हिडिओ १६:९ चा. व्हिडिओत वरची आणि खालची पट्टी कापली जाते, त्यामुळे त्याचे कोपरे लेन्सच्या मध्यापासून सुमारे आठ टक्के जवळ येतात. फोटोत काळी दिसणारी लेन्स व्हिडिओत बरीच स्वच्छ निघू शकते.

दुसरी चूक: कव्हरवरच क्लिप लावणं

अडॅप्टरची मागची काच फोनच्या लेन्सला जितकी जवळ, तितका काळेपणा कमी. दीड-दोन मिलिमीटर जाडीचं कव्हर मध्ये आलं की कॅमेरा नळीतून लांबून पाहू लागतो आणि नळीची भिंत फ्रेममध्ये शिरते. कव्हर काढा. कॅमेऱ्यावर वेगळी चिकटवलेली काच असेल, तर तीही काढा.

त्यानंतर लेन्स मधोमध बसली आहे का ते पाहा. एकाच बाजूचे दोन कोपरे जास्त काळे असतील, तर क्लिप सरकलेली आहे. चारही सारखेच काळे असतील, तर ती मधोमध आहे आणि लेन्सची कुवतच तेवढी आहे. भिंतीसमोर व्हिडिओ मोड चालू ठेवून, स्क्रीनकडे बघत क्लिप केसभर-केसभर सरकवा आणि चारही कोपरे सारखे झाले की थांबा. कॅमेऱ्याचा उंचवटा मोठा असेल तर क्लिपचा रबर त्याच्या कडेवर चढतो आणि लेन्स तिरकी बसते. रबर पूर्ण टेकलाय ना, हे फोन आडवा धरून बाजूने बघा. जागा मिळाली की क्लिपच्या दोन्ही बाजूंना फोनच्या पाठीवर कागदी टेपच्या बारीक पट्ट्या चिकटवा, म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध नको.

मागाच्या शेजारी ही टेप आणखी एका कारणासाठी लागते. माग चालू असला की जमीन आणि स्टँड दोन्ही हादरतात. क्लिप हळूहळू खाली सरकते आणि चार मिनिटांच्या शॉटच्या शेवटी वरचे कोपरे जास्त काळे झालेले असतात. दर दोन-तीन शॉटनंतर एकदा कोपरे बघा आणि अडॅप्टरची मागची काचही पुसा. कारखान्यातला सुताचा बारीक कचरा दोन काचांच्या मधे जाऊन बसतो आणि त्याचे फिकट डाग काळेपणात मिसळून गोंधळ वाढवतात.

तिसरी चूक: फोनला स्वतःहून कॅमेरा बदलू देणं

फोनला दोन-तीन कॅमेरे असतात आणि अडॅप्टर एकावरच असतो. झूम बदलला किंवा धोट्याजवळ फोन नेला की फोन गुपचूप दुसऱ्या कॅमेऱ्यावर जातो. अशा वेळी फ्रेम अचानक अर्धी काळी होते किंवा अडॅप्टरचा परिणामच नाहीसा होतो. शूटिंगपूर्वी एकेका कॅमेऱ्यावर बोट ठेवून कोणता चालू आहे ते पाहा. आयफोनमध्ये `Settings > Camera > Record Video` मध्ये `Lock Camera` हा पर्याय असतो, तो चालू करा.

एक्स्पोजरही लॉक करा. कोपरे काळे असले की फोनचा मीटर फसतो. एकूण दृश्य अंधारं आहे असं समजून तो उजेड वाढवतो आणि मधला भाग फुटतो. सोलापूरच्या संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी आभाळाच्या पार्श्वभूमीवर घेताना हे लगेच दिसतं: कोपरे काळे आणि आभाळ पांढरंफट्ट. स्क्रीनवर बोट दाबून ठेवून लॉक करा आणि एक्स्पोजर थोडं खाली ओढा.

चौथी चूक, आणि सगळ्यात महागात पडणारी: स्टॅबिलायझेशन चालू ठेवणं

फोनचं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन प्रत्येक फ्रेम थोडी थोडी सरकवून चित्र स्थिर करतं. लेन्सचा काळा गोल मात्र सेन्सरवर जागच्या जागी असतो. त्यामुळे तयार व्हिडिओत माग स्थिर दिसतो आणि काळे कोपरे डुलतात. हे एकदा रेकॉर्ड झालं की काम अवघड होतं, कारण उजळण्यासाठी आखलेला गोल एका फ्रेमवर बसतो आणि दुसऱ्या फ्रेमवर चुकतो.

अडॅप्टर लावला की स्टॅबिलायझेशन बंद करा आणि फोन स्टँडवर किंवा मोनोपॉडवर ठेवा. हातातूनच घ्यावं लागलं, तर आधी कोपरे दुरुस्त करा आणि स्थिर करण्याचं काम एडिटिंगमध्ये सगळ्यात शेवटी ठेवा. आधीच डुलणारे कोपरे रेकॉर्ड झाले असतील, तर ते उजळण्याच्या भानगडीत पडू नका. डुलताना काळा गोल जिथवर सर्वांत आत येतो, तिथवर क्रॉप करा.

आता दुरुस्ती: एक क्लिप पूर्ण हिशेबासह

मागाचा शॉट ४के मध्ये, म्हणजे ३८४०×२१६० मध्ये आहे आणि शेवटचा व्हिडिओ फुल एचडीत हवा आहे, असं धरू. ४के घेण्याचं कारण हेच: क्रॉप केल्यावरही फुल एचडीला पुरतील इतके पिक्सेल उरतात. फुल एचडीतच शूट केलं, तर उरलेलं चित्र ताणून मोठं करावं लागतं आणि विणीचे धागे मऊ पडतात.

भिंतीच्या व्हिडिओतली एक फ्रेम कुठल्याही फोटो एडिटरमध्ये उघडा. मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर २२०३ पिक्सेल येतं. त्या तिरक्या रेषेवर नळीचा काळा भाग कुठे सुरू होतो ते पाहा. या क्लिपमध्ये तो १८४० पिक्सेलवर सुरू होतो असं समजा. २२०३ ला १८४० ने भागलं की सुमारे १.२ येतात, म्हणजे चित्र १.२ पट झूम करायचं. त्यानंतर ३२००×१८०० चा स्वच्छ भाग उरतो.

आता मंद पट्टा. त्याच फ्रेममध्ये कलर पिकरने मध्यावरची किंमत वाचली तर १८० आणि नव्या कोपऱ्यात १२० मिळते. म्हणजे कोपरा दीडपट उजळायचा आहे. एफएफएमपेग या कमांड लिहून चालवायच्या मोफत प्रोग्रॅममध्ये व्हिनेट, म्हणजे कडेच्या काळोखाचा, फिल्टर आहे आणि तो `backward` मोडमध्ये हेच करतो. त्याचा कोन, म्हणजे `angle`, जितका मोठा, तितका तो कोपरे जास्त उजळतो. `PI/8` ला मूळ फ्रेमचं टोक सुमारे १.४ पट, `PI/6` ला सुमारे १.८ पट आणि `PI/5` ला सुमारे २.३ पट उजळतं. आपला नवा कोपरा टोकाच्या थोडा आत आहे. तिथे `PI/6` ने जवळजवळ दीडपटच मिळतात, म्हणून तोच घ्यायचा.

```
ffmpeg -i mag.mp4 -vf "vignette=mode=backward:angle=PI/6,crop=3200:1800,scale=1920:1080" -c:v libx264 -crf 18 -c:a copy mag_saf.mp4
```

क्रम बदलू नका. आधी पूर्ण फ्रेमवर उजळणं, मग क्रॉप. आधी क्रॉप केलं तर फिल्टर नव्या, लहान फ्रेमच्या हिशेबाने कोन मोजतो आणि कोपरे गरजेपेक्षा जास्त उजळतात. हीच ओळ आधी भिंतीच्या क्लिपवर चालवून बघा. भिंत सपाट दिसली की मगच मागाच्या क्लिपला हात लावा. कोपरे मध्यापेक्षा उजळ झाले, तर कोन कमी करा, म्हणजे `PI/7`.

कमांड नको असेल तर डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत `Color` पानावर गोल विंडो घ्या आणि ती उलटी करा, म्हणजे बाहेरचा भाग निवडला जाईल. `Softness` भरपूर वाढवा आणि `Gain` हळूहळू चढवा. नंतर `Edit` पानावर `Zoom` १.२ करा. मोबाइल अ‍ॅपवर हे करणार असाल, तर आधी व्हिनेटचा स्लायडर शून्याच्या खालीही जातो का ते बघा. अनेक अ‍ॅपमध्ये तो कोपरे फक्त काळे करतो.

कोपरे मध्याइतकेच उजळ करण्याचा हट्ट मात्र धरू नका. स्वस्त काचेत कोपरे मुळातच मऊ असतात आणि कडांना जांभळी छटा येते. अंधारात ती झाकलेली असते, उजळलं की उघडी पडते. दुपटीपेक्षा जास्त उजळावं लागत असेल तर दाणे आणि चौकोनी ठोकळे दिसू लागतात. अशा वेळी थोडा जास्त क्रॉप घेतलेला बरा.

क्रॉपलाही मर्यादा आहे. ०.६ एक्सचा अडॅप्टर १.२ पट झूम केल्यावर ०.७२ एक्स उरतो, म्हणजे अजूनही मेन कॅमेऱ्यापेक्षा बराच रुंद. दीडपट झूम लागला तर ०.९ उरतो, आणि १.६७ ला अडॅप्टर लावून न लावल्यासारखाच. कव्हर काढून, लेन्स नीट मधोमध बसवूनही भिंतीची फ्रेम दीडपट झूम मागत असेल, तर त्या फोनसाठी ती लेन्स निकामी आहे. फोनला स्वतःचा अल्ट्रावाइड कॅमेरा असेल आणि उजेड बऱ्यापैकी असेल, तर आधी तो वापरून बघा. आडव्या शॉटच्या मधूनच उभी रील कापायची असेल, तर या दुरुस्तीची गरजच नाही: मधल्या १२१५×२१६० च्या पट्ट्याचे कोपरे मध्यापासून १२३९ पिक्सेलवरच असतात आणि काळा भाग १८४० ला सुरू होतो. पण त्या पट्ट्यात माग पूर्ण मावणार नाही. तेव्हा रीलसाठी फोन उभाच धरा आणि वर दिलेली दुरुस्ती रुंदी-उंचीचे आकडे उलटे करून करा: `crop=1800:3200` आणि `scale=1080:1920`.