दुबईच्या पार्सलात मसाला टाकण्याआधी हे बघा

दुबईला ताईकडे आपला खान्देशी काळा मसाला पाठवताय ना, तर आधी त्यात खसखस आहे का ते बघा, कारण यूएईत खसखशीवर बंदी आहे, अगदी चमचाभर असली तरी पार्सल अडकू शकतं आणि त्रास ते पार्सल घेणाऱ्यालाच होतो, म्हणून तिच्यासाठी वेगळा, बिनखसखशीचा कुटायचा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही नको, तेलामुळे त्या विमानात ज्वलनशील धरतात. बिबडे चालतात, फक्त फुटतात! डिक्लेरेशनमध्ये नुसतं 'खाऊ' किंवा 'घरगुती सामान' लिहू नका, प्रत्येक वस्तूची वेगळी ओळ इंग्रजीत करायची, म्हणजे मसाला पावडर, त्यात मिरची धणे तीळ, १ पाकीट, ५०० ग्रॅम, किंमत ४०० रुपये, भेट. किंमत शून्य टाकायची नाही.