कमी दिवसांच्या बाळाचं वय मोजताना या चुका टाळा

आमच्या ओपीडीत कमी दिवसांची बाळं तपासणीला येतात तेव्हा मी पहिला प्रश्न विचारते, "ड्यू डेट काय होती?" कारण अशा बाळाची वाढ जन्मतारखेपासूनच्या नाही, ड्यू डेटपासूनच्या वयाने, म्हणजे करेक्टेड वयाने, पाहायची असते. सोलापुरात याचं ठरलेलं उत्तर असतं, "सातव्यातच झालं की हो मॅडम." सातवा महिना लागला होता की सरला होता, हे कुणालाच सांगता येत नाही. तेवढ्यात चार आठवड्यांचा फरक पडतो, म्हणून "सातव्यातलं", "आठव्यातलं" यावर मी हिशोब करतच नाही. डिस्चार्ज कार्डावर ३०+५ असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते शोधा. त्याचा अर्थ पूर्ण ३० आठवडे आणि ५ दिवस. तो दशांश नाही. मोबाइलवर ४० मधून ३०.५ वजा करून "साडेनऊ आठवडे" सांगणारे बाप मी पाहिलेत. खरं उत्तर ९ आठवडे २ दिवस आहे.

वजाबाकी ४० मधूनच करायची, ३७ मधून नाही. ३७ आठवडे पूर्ण झाले की बाळ पूर्ण दिवसांचं म्हणतात, पण वय दुरुस्त करायला ४०च धरतात.

खरं तर दर वेळी वजाबाकी करूच नये, असं माझं मत आहे. ऐन गड्ड्याच्या जत्रेत, १४ जानेवारी २०२५ ला झालेलं एक बाळ घ्या. ३०+५ ला जन्म, म्हणजे ६५ दिवस आधी. त्याची ड्यू डेट २० मार्च. ही तारीख मी फाइलवर लाल पेनाने लिहिते आणि पुढे तिथूनच मोजते. २४ सप्टेंबरला ते आलं तेव्हा जन्मापासून ८ महिने १० दिवस झाले होते, पण २० मार्चपासून ६ महिने ४ दिवस. आठवड्यांत हवं असेल तर मधले दिवस मोजा: १८८ दिवस, म्हणजे २६ आठवडे ६ दिवस.

हेच २६ आठवडे ६ दिवस घाईत चाराने भागले तर जवळजवळ पावणेसात महिने येतात. फेब्रुवारी सोडला तर कुठल्याच महिन्यात नेमके चार आठवडे नसतात. आठवड्यांचे महिने करूच नका, भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेपासून तारीख मोजा. आजी म्हणत होती, "आठ महिने झाले, अजून बसंना." सहा महिन्यांचं बाळ हात पुढे टेकवून थोडं बसतं, हे सांगितल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. वॉकर आणायचा बेत मात्र मला मोडावा लागला.

आता माझी चूक. त्या दिवशी कार्डावर मी नुसतं "वय ६ म. ४ दि." लिहिलं. कुठलं वय, ते लिहिलंच नाही. वडील यंत्रमागावर, हिशोबाला पक्के. नोव्हेंबरात त्यांनी कार्डावरच्या सहात दोन मिळवले आणि "कमी दिवसांचं आहे" म्हणून त्यातून पुन्हा दोन महिने वजा केले. आले सहा. सहा महिन्यांचं बाळ बसत नसलं तर काय बिघडलं, म्हणून नोव्हेंबरची तपासणी चुकवली. २० डिसेंबरनंतर आले तेव्हा करेक्टेड वय नऊ महिने पूर्ण होतं. बाळ आधाराशिवाय बसत नव्हतं, डावी मूठ कायम वळलेली, आणि उभं धरलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर जात होते. हातपाय ताठ असणं, चार महिन्यांनंतरही मूठ न उघडणं, याला कुठलीही दुरुस्ती लागू होत नाही. ते दिसलं की त्याच आठवड्यात दाखवायचं. आम्ही थेरपी सुरू केली, पण ती नोव्हेंबरात सुरू व्हायला हवी होती. तेव्हापासून मी दोन्ही वयं लिहिते, आणि करेक्टेड वयाच्या खाली "यातून आणखी वजा करू नये" असंही.

पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची ड्यू डेट आणि पाळीवरून काढलेली ड्यू डेट वेगळी असेल, तर कुठली धरायची ते डॉक्टरांना एकदाच विचारा. मग ती बदलू नका. दोन वर्षांनंतर सहसा ही दुरुस्ती सोडून देतात.

करेक्टेड वय सगळीकडे लावणारे उत्साही लोकही भेटतात. लसी जन्मतारखेवरूनच द्यायच्या. या बाळाची सहा आठवड्यांची लस २५ फेब्रुवारीला होती, ड्यू डेट यायच्या आधीच. जन्मतः वजन फार कमी असेल तर एखाद्या लशीचा फरक डॉक्टर सांगतात. डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही तशीच: ३४ आठवड्यांआधी किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाची ती जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत व्हायला हवी, फारच लवकर जन्मलेल्यांची त्याहूनही आधी. म्हणजे या बाळाची फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. ती तारीख मी लाल पेनाने लिहीत नाही, निळ्याने लिहिते, म्हणजे कुणी २० मार्चपासून मोजायला लागणार नाही.