आरशातली की पाण्यातली? आधी टोक बघा, मग डोकं

शिष्यवृत्ती किंवा पोलीस भरतीच्या पेपरात TOM38 देऊन आरशातली प्रतिमा विचारतात. चार पर्याय एकसारखेच दिसतात आणि डोळे फिरतात. अक्षर न् अक्षर तपासत बसू नका. आधी फक्त टोक बघा. बाजूला धरलेल्या आरशात क्रम उलटतो, म्हणून डावीकडे 8 आलाच पाहिजे. पाण्यात क्रम तसाच राहतो, पहिला T च.

मग T चं डोकं बघा. आरशात आडवी रेघ वरच राहते, पाण्यात ती खाली जाते. दोन्ही तपासायचं कारण म्हणजे एक लबाड पर्याय: क्रमही उलटा आणि T ही डोक्यावर. ती कुठलीच प्रतिमा नाही, कागद अर्धा फिरवलाय इतकंच. M पाण्यात W सारखा दिसतो, तिथेही पुष्कळ जण फसतात. 3 आरशात तोंड फिरवतो, पाण्यात मात्र जसाच्या तसा. BOX38 तर पाण्यात अजिबात बदलत नाही, त्यामुळे मूळ आकृतीच उत्तर म्हणून दिसली तर दचकू नका.

खात्री हवी असेल तर कच्च्या कागदावर ठळक लिहा. पुस्तकाचं पान उलटतो तसा कागद पालथा करून उजेडात धरा, मागून आरशातली प्रतिमा दिसेल. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान वर उलटतो तसा केलात तर पाण्यातली.

एक मात्र बघा: आकृतीत आरसा अक्षरांच्या वर किंवा खाली दाखवला असेल, तर उत्तर पाण्यासारखंच येतं.