मूड बदलायला गाणी लावताय? या चुका टाळा

ऑफिसातून डोकं तापवून घरी यायचं, मन शांत व्हावं म्हणून बासरी लावायची आणि दोन मिनिटांत चिडून ती बंद करायची. हे मी कित्येक महिने केलं आणि 'आपल्याला संगीताचा काही उपयोग नाही' असं ठरवून मोकळी झाले. बासरीचा दोष नव्हता. मी सुरुवातच चुकीच्या जागेवरून करत होते.

सगळ्यात मोठी चूक हीच. आपल्याला जिथे पोचायचंय तिथलं गाणं आपण पहिलं लावतो, पण पहिलं गाणं आपण आत्ता जिथे आहोत तिथलं हवं. संगीतोपचारात याला 'आयसो तत्त्व' म्हणतात. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ आयरा आल्टशूलर यांनी 1940च्या दशकात ते मांडलं: आधी रुग्णाच्या मनःस्थितीशी जुळणारं संगीत द्यायचं आणि मग ते हळूहळू बदलत न्यायचं. रागावलेल्या माणसाला कोणी एकदम 'शांत हो' म्हटलं तर तो आणखी भडकतो, तसंच इथेही होतं.

माझी संध्याकाळची यादी आता पाच तुकड्यांची आहे, साधारण पंचवीस मिनिटांची. पहिला तुकडा ताशा कडकडणारा, मिनिटाला 130 ठोक्यांचा. दुसरा 110च्या आसपास, तिसरा 90, चौथा 70. शेवटी सरोदचा आलाप, ज्यात ताल नाहीच. दुसऱ्या गाण्यानंतर शब्द गळतात आणि प्रत्येक वेळी आवाजही थोडा खाली येतो. ठोके मोजायला पायाने ताल धरा, पंधरा सेकंदांतले ठोके मोजा आणि चाराने गुणा. एकच गाणं 65चंही वाटू शकतं आणि 130चंही. अशा वेळी पाय आपणहून जो ठोका पकडतो तो खरा धरा.

यादी लागू पडतेय की नाही, हे शरीर सांगतं. तिसऱ्या तुकड्यापर्यंत आवळलेला जबडा सुटायला आणि श्वास लांबायला हवा. तसं होत नसेल तर पुढे जाऊ नका. पहिलं गाणं पुन्हा लावा, ते पुरेसं झालेलं नसतं. पहिली दोन जमतात आणि तिसऱ्याला वैताग येतो, असं होत असेल तर मधली पायरी फार उंच आहे. तिथे आणखी एक गाणं घाला.

मरगळ घालवायची असेल तर हाच जिना उलटा चढायचा. ख्यालात विलंबितानंतर द्रुत येतं, भजनी मंडळाचा गजर संथ सुरू होऊन चढत जातो. आपल्या कानांना ही चाल ओळखीची आहे. निराश असताना पहिल्याच फटक्यात नाचाचं गाणं लावलं तर ते टोचतं.

'अमुक राग चिंतेवर, तमुक झोपेवर' असे तक्ते फिरत असतात. त्यांच्यावर विसंबून यादी करू नका. दरबारी गंभीर खरा, पण दरबारीतला द्रुत तराणा ऐकून कोण झोपेल? लय, आवाज आणि त्या सुरांशी जडलेली तुमची आठवण, हे तिन्ही आधी बघा. ज्या गाण्याशी एखादं माणूस जोडलेलं आहे ते कितीही संथ असलं तरी शांतीच्या यादीत नको.

रडून मोकळं होण्यासाठी गाणी लावणं मला अजिबात वावगं वाटत नाही. फक्त त्याला शेवट हवा. दुःखी गाणी तीन-चार, आणि त्यांच्यानंतरचं हलकं गाणं आधीच ठरवून ठेवलेलं. रडणं ओसरल्यावर अंग सैल पडलं, भूक लागली, कोणाशी बोलावंसं वाटलं, तर मोकळं झालात. तेच गाणं सातव्यांदा लावताय आणि 'माझ्याच बाबतीत असं का' हे एकच वाक्य डोक्यात फिरतंय, तर ते मोकळं होणं नाही, उगाळणं आहे. गाणं बंद करून उठा, तोंड धुवा, खाली चक्कर मारा. दोन आठवडे रोज असंच चाललं असेल तर गाण्यांवर भिस्त न ठेवता डॉक्टरांना भेटा किंवा टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला.

झोपेसाठी एका रात्रीत निकाल मागू नका. हंगेरीत झोपेची तक्रार असलेल्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास 2008मध्ये प्रसिद्ध झाला. झोपताना रोज 45 मिनिटं संथ अभिजात संगीत, असं तीन आठवडे चाललं आणि त्यांची झोप सुधारली.

आणि यादी फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा, शफल आणि ऑटोप्ले बंद करा. आलाप संपता संपता चढ्या आवाजात जाहिरात सुरू झाली की पंचवीस मिनिटांची मेहनत तिथेच जाते.