कवितासंग्रहाचं प्रूफ वाचताय? मग या चुका टाळा

आमच्याकडे मालवण-देवगड पट्ट्यात मालवणी कवितांची पुस्तकं बरीच निघतात, बहुतेक स्वखर्चाने, आणि प्रूफ वाचायला कोणीतरी ओळखीतलं पकडलं जातं, म्हणजे शिक्षक, बँकेतून रिटायर झालेले काका, नाहीतर नुकतंच बीए झालेलं पोर. मराठी चांगलं असतं सगळ्यांचं. पण कवितेचं प्रूफ लेखाच्या प्रूफासारखं वाचलं की घोळ होतोच, आणि दरवेळी तेच घोळ होतात, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे पानाच्या तळाशी गायब होणारी मोकळी जागा. ही चूक एकट्याची नसते, दोन-तीन माणसं मिळून करतात आणि प्रत्येकाला वाटतं आपण बरोबरच केलं. एका संग्रहात एक कविता होती, आई आणि मुलगा यांच्यातलं बोलणं, अवतरणचिन्हं कुठेच नाहीत. कोण बोलतंय ते फक्त कडव्यांमधल्या मोकळ्या जागेवरून कळायचं. पहिलं कडवं आईचं, त्याची शेवटची ओळ आणि दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ साधारण अशा होत्या:

बापूस खंय गेलो, तुका ठावक

माका ठावक, तरी होडी काढतंय

दुसऱ्या प्रूफात पहिलं कडवं नेमकं पानाच्या तळाशी संपलं. रिकामी ओळ पुढच्या पानाच्या डोक्यावर गेली, त्यामुळे ते पान बाकीच्या पानांपेक्षा जरा खालून सुरू झालेलं दिसायला लागलं. डीटीपीवाल्याने ते "नीट" केलं, म्हणजे रिकामी ओळ उडवली. त्या प्रूफात काही बिघडलेलं दिसलं नाही कारण मध्ये पानच उलटत होतं. मग अर्पणपत्रिका लांबली, एक छोटी कविता वगळली, सगळा मजकूर सरकला आणि ही दोन कडवी एका पानावर येऊन एकमेकांना चिकटली. तिसरं प्रूफ वाचणाऱ्याने शब्द तपासले, शब्द सगळे बरोबर होते. पुस्तक छापून आलं तेव्हा "होडी काढतंय" हे आईच म्हणतेय असं वाचलं जात होतं, ज्या बाईचा नवरा दर्यात गेला ती! कवीने प्रकाशनाच्या दिवशी ती कविता वाचलीच नाही. नंतर शुद्धिपत्राची पट्टी छापून प्रत्येक प्रतीत घातली, पण पट्टी पडते हो, आणि वाचनालयातल्या प्रतीत ती कधीच नसते.

यावर माझी सवय अशी की वाचायला बसण्याआधी कवीच्या हस्तलिखितावर प्रत्येक कवितेखाली पेन्सिलीने कडव्यांचा हिशोब लिहायचा, उदाहरणार्थ ४+४+६, आणि प्रत्येक प्रूफाला, शेवटच्या पीडीएफलासुद्धा, तो हिशोब पुन्हा जुळवायचा. अर्थ न वाचता नुसत्या ओळी मोजायच्या. आणि जिथे कविता पानावर तुटते तिथे तळाशी समासात "कडवं संपलं" किंवा "कडवं चालू" यातलं एक लिहायचंच. कंटाळा येतो, मान्य, पण याला शॉर्टकट नाही, आणि ज्याला दोन तासांत संग्रह संपवायचाय त्याने हे काम घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

डीटीपीवाल्यालाही आधीच सांगायचं की कडव्यांमधली जागा रिकाम्या ओळीने नको, स्टाईलमध्ये परिच्छेदानंतरचं अंतर म्हणून दे. म्हणजे कडव्यातल्या ओळी Shift+Enter ने तोडायच्या आणि कडवं संपलं की Enter. मग उडवायला रिकामी ओळच उरत नाही. मात्र मजकूर डावीकडेच लावायचा, दोन्हीकडून समान केला की Shift+Enter ने तोडलेली छोटी ओळसुद्धा पानभर ताणली जाते आणि शब्दांमध्ये ही मोठी भोकं पडतात. वर्डमध्ये Ctrl+Shift+8 दाबलं की या सगळ्या खुणा दिसतात, त्या चालू ठेवूनच फाईल बघा.

आणि कृपा करून हे करू नका:

```
Find: ^p^p     Replace: ^p
```

लेखात हा उपाय चालत असेल, कवितेत एका क्लिकमध्ये सगळ्या संग्रहाची कडवी जातात. दोन स्पेसच्या जागी एक स्पेस करणंही तसंच, रापण ओढणाऱ्यांच्या लयीत पायरी-पायरीने आत सरकवलेल्या ओळी सरळ भिंतीला टेकतात. आत सरकवलेली ओळ स्पेस मारून नव्हे, टॅबने सरकवून घ्या, कारण फॉन्ट बदलला की स्पेसची रुंदी बदलते.

लांब ओळ पानात मावली नाही आणि खाली दुमडली तर दुमडलेला तुकडा आत सरकवून लावायचा, नाहीतर वाचणाऱ्याला ती नवी ओळ वाटते. व्हॉट्सॲपवर आलेली कविता मोबाईलमध्ये बघून टाईप करणारे तर स्क्रीनने दुमडलेली प्रत्येक ओळ तोडून ठेवतात. वही मागवा.

आता शब्द. मालवणीत "बापूस गेलो" बरोबर आहे, तो गेला या अर्थाने, आणि मी म्हणायचं तर "मी गेलंय". मराठी व्याकरण पक्कं असलेला माणूस "बापूस गेलो" बघतो आणि हात शिवशिवतात, "गेला" करून मोकळा. एक कडवं मालवणीत, एक प्रमाण मराठीत अशा कवितेत तर विचारूच नका. शुद्धलेखनाचे नियम कोणी पुढे केले तर सांगा की मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांतच वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची मोकळीक कवीला दिलेली आहे.

मी काय करते, तर पहिल्या वाचनात दुरुस्ती एकही नाही, फक्त एका कागदावर वेगळे वाटलेले शब्द आणि पान नंबर. खय आणि खंय दोन्ही दिसले तर दोन्ही लिहायचे. मग कवीला फोन करून विचारायचं की दोन्ही मुद्दाम आहेत की एक चुकून. जे ठेवायचं त्याच्याखाली टिंबं देऊन समासात "राहू द्या". कवी म्हणाला सगळीकडे "हंय" करा, तरी रिप्लेस ऑल नाही! "हय" शोधून बदललात की "न्हय" चं "न्हंय" आणि "हयात" चं "हंयात" होतं. एकेक बघून बदला.

"ओढऽऽ" मधली अवग्रहचिन्हं टायपो नाहीत, मोजून तेवढीच ठेवा.

शेवटचं, जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेली फाईल असेल तर दर्या आणि दऱ्या हे दोन शब्द स्वतंत्र शोधा. कन्व्हर्टरमध्ये दऱ्या मधला र हमखास बिघडतो आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होऊन बसतो. दोन्ही शब्द खरे असल्यामुळे स्पेलचेक काही बोलत नाही, आणि कोकणातल्या कवितेत दोन्ही शोभतात म्हणून डोळाही अडत नाही. हस्तलिखित शेजारी ठेवून प्रत्येक जागा ताडायची. तसंच सुऱ्या, होऱ्या, वाऱ्यावर, किनाऱ्यावर, सगळे "ऱ्या" वाले शब्द एका बैठकीत, आणि छपाईला जाणाऱ्या पीडीएफवर परत एकदा, कारण फॉन्ट तिथेही बदललेला असू शकतो.