स्लॅबचा फॉर्म्युला तपासायचा तर बांधावर जा

बेळगावात कर सल्लागाराच्या ऑफिसात लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीची पगाराची शीट सरांनी माझ्याकडे सरकवली. "कराचा कॉलम बघून दे." मी साडेसात लाखांचा एक आणि नऊ लाखांचा एक असे दोन जण निवडले, कॅल्क्युलेटरवर हिशेब केला. दोन्ही जुळले, शीट परत दिली.

"दोघंही मधलेच घेतलेस की," सर म्हणाले. "बांधावर कोण जायचं?"

फॉर्म्युला असा होता, आर्थिक वर्ष 2025-26 ची नवी पद्धत, B2 मध्ये करपात्र उत्पन्न:

```
=IF(B2<=400000,0,
 IF(B2<=800000,(B2-400000)*5%,
 IF(B2<=1200000,20000+(B2-800000)*10%,
 IF(B2<=1600000,50000+(B2-1200000)*15%,
 IF(B2<=2000000,120000+(B2-1600000)*20%,
 IF(B2<=2400000,200000+(B2-2000000)*25%,
 300000+(B2-2400000)*30%))))))
```

सरांनी एका रिकाम्या ओळीत 1200000 टाकलं, खालच्या ओळीत 1200001. वर कर आला 60,000. खाली 50,000.15. उत्पन्न एका रुपयानं वाढलं आणि कर दहा हजारांनी उतरला!

स्लॅबच्या करात उडी नसते. वरचा दर फक्त वरच्या रकमेला लागतो, म्हणून हद्द ओलांडताना कर काही पैशांनीच वाढायला हवा. उडी दिसली की हद्दीच्या अलीकडचा दर किंवा पलीकडची ठोक रक्कम, यातलं काहीतरी चुकलंय. इथे चौथ्या ओळीतले 50000 चुकले होते, तिथे 60000 हवेत.

ते आले कुठून? 2024-25 चे स्लॅब 3, 7, 10, 12 आणि 15 लाखांवर बदलत होते. तेव्हा दहा लाखांपर्यंतचा कर 50,000 व्हायचा. कुणीतरी जुन्याच फॉर्म्युल्यात हद्दी बदलल्या, बाकीच्या रकमाही बदलल्या, ही एक राहून गेली. माझा नऊ लाखांचा नमुना मात्र जुळणारच होता, कारण 3 ते 7 काय आणि 4 ते 8 काय, चार लाखांवर पाच टक्के म्हणजे 20,000 च. ही रक्कम दोन्ही वर्षांत सारखीच. योगायोगानं बरोबर आलेलं उत्तर चुकीपेक्षा जास्त फसवतं.

फाउंड्रीत 14 लाख करपात्र उत्पन्नाचे एक मॅनेजर होते. त्यांचा कर 90,000 ऐवजी 80,000 निघत होता. चार टक्के सेस धरून वर्षाला 10,400 कमी कापले गेले असते.

आता यातली खरी गोम. ही तपासणी सूट वजा करण्याआधीच्या कॉलमवरच करायची. 12 लाखांपर्यंत 87A ची सूट कर शून्यावर आणते आणि त्यापुढे थोड्या अंतरापर्यंत मार्जिनल रिलीफमुळे कर 12 लाखांवरच्या रकमेपेक्षा जास्त होत नाही. 12,10,000 ला मूळ कर 61,500 असो की चुकीच्या फॉर्म्युल्याचा 51,500, रिलीफनंतर दोन्हीकडे 10,000 च उरतात. म्हणजे नेमक्या बांधावरच चूक झाकली जाते. साधारण 12 लाख 59 हजारांच्या पुढे ती उघडी पडते. म्हणून मूळ कर, सूट, रिलीफ आणि सेस यांचे कॉलम वेगळे ठेवा. सगळं एकाच सेलमध्ये कोंबणाऱ्यांचा मला आता रागच येतो.

शेवटच्या स्लॅबला पलीकडचा बांधच नाही, त्यामुळे तिथला दर या युक्तीनं सापडत नाही. तिथे 30 लाख टाकून हातानं हिशेब करायचा: 3,00,000 अधिक सहा लाखांचे 30 टक्के, 4,80,000.

नंतर आम्ही हद्द, ठोक रक्कम आणि दर यांचा सात ओळींचा तक्ता केला:

```
=VLOOKUP(B2,$H$2:$J$8,2,TRUE)
 +(B2-VLOOKUP(B2,$H$2:$J$8,1,TRUE))
 *VLOOKUP(B2,$H$2:$J$8,3,TRUE)
```

यात पहिला कॉलम चढत्या क्रमानं नसेल तर एक्सेल कुरकुर न करता भलतंच उत्तर देतं. TRUE च्या जागी FALSE पडलं तर नेमक्या हद्दीवरची उत्पन्नं सोडून सगळीकडे `#N/A`. डॉलर विसरलात तर फॉर्म्युला खाली ओढताना तक्ताही खाली सरकतो.

तरी मला लुकअप आवडतो, आणि त्याचं कारण एका सेलनं दिलं. दुसऱ्या शीटमधून आणलेला 1400000 हा आकडा टेक्स्ट म्हणून बसला होता, सेलच्या डाव्या कडेला चिकटून. एक्सेल तुलनेत टेक्स्टला कुठल्याही आकड्याहून मोठं धरतं. त्यामुळे IF थेट शेवटच्या ओळीत गेला. तिथे वजाबाकी करताना मात्र त्यानं टेक्स्टचा आकडा केला: 3,00,000 वजा दहा लाखांचे 30 टक्के. उत्तर शून्य. चौदा लाखांवर शून्य कर, आणि सेल अगदी शहाण्यासारखा दिसत होता. लुकअपनं त्याच ओळीत `#N/A` दाखवलं. तेव्हापासून उत्पन्नाच्या शेजारी मी आधी `=ISNUMBER(B2)` चा कॉलम ओढते आणि मगच बांधावर जाते.