‘पाहणी करून मला भरपाई मिळावी’ : पाहणी कोणी करायची? अर्धी वाक्ये आणि निराधार ‘करून’ कसे ओळखावे, कसे दुरुस्त करावे

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कचेरीसमोर माझे टायपिंगचे दुकान आहे. आमच्याकडे द्राक्षबागा भरपूर. अवकाळी पाऊस झाला की दुसऱ्या दिवसापासून नुकसानभरपाईचे अर्ज यायला लागतात. कोणी वहीच्या पानावर लिहून आणतो, कोणी बाकावर बसून तोंडी सांगतो. शुद्धलेखनाच्या चुका मी हातासरशी सुधारते, पण दोन चुका अशा आहेत की त्यासाठी टायपिंग थांबवून माणसाला विचारावेच लागते. एक म्हणजे अर्ध्यावर तुटलेले वाक्य. दुसरी म्हणजे कर्त्यावाचून लोंबकळणारे ‘जाऊन’, ‘करून’, ‘फवारून’.

या हंगामातला एक अर्ज घेऊ. नाव-गाव काढून मजकूर जसा आला तसा देते :

“मी या गावचा रहिवासी असून माझी दीड एकर द्राक्षबाग आहे. गेल्या आठवड्यात अवकाळी पाऊस पडल्याने. बागेत जाऊन पाहिले असता मणी तडकलेले दिसले. औषध फवारून पाऊस पुन्हा आला. ज्यामुळे सर्व घड कुजले. तलाठ्यांना फोन करून पंचनामा झाला नाही. तरी नुकसानीची पाहणी करून मला भरपाई मिळावी.”

सात वाक्ये आहेत. त्यांतली दोन अर्धी आहेत आणि तीन लोंबकळणारी.

आधी पूर्णविरामाच्या अलीकडचा शब्द बघा

मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे अर्धे वाक्य पकडायला सगळे वाक्य वाचायचीही गरज नसते. प्रत्येक पूर्णविरामाच्या अलीकडच्या शब्दावर बोट ठेवत जायचे. तिथे ‘आहे, दिसले, आला, झाला नाही, मिळावी’ असा शब्द असला तर पुढे जायचे. शेवट ‘-ल्याने, -मुळे, -साठी, -ताना, -ल्यावर, -ऊन’ असा असला तर थांबायचे, कारण हे शब्द पुढे काहीतरी येणार असे सांगतात आणि पुढे काही आलेले नसते.

वरच्या अर्जात दुसऱ्या वाक्याचा शेवट ‘पडल्याने’ आहे. पाऊस पडल्याने काय झाले? उत्तर पुढच्या वाक्यात आहे : मणी तडकले. म्हणजे वाक्य चुकीच्या जागी तोडले गेले आहे. बोलताना माणूस तिथे श्वास घेतो, आणि लिहिताना श्वासाच्या जागी पूर्णविराम पडतो. दुरुस्ती सरळ आहे. तो पूर्णविराम काढायचा आणि कारण परिणामाला जोडायचे : “अवकाळी पाऊस पडल्याने मणी तडकले.”

दुसरे अर्धे वाक्य या तपासणीतून निसटते, कारण त्याच्या शेवटी ‘कुजले’ हे धडधाकट क्रियापद आहे. तिथे पहिला शब्द बघायचा : ‘ज्यामुळे’. मराठीत ‘ज’चा शब्द ‘त’च्या जोडीदाराची वाट बघतो. जो-तो, जेव्हा-तेव्हा, जिथे-तिथे. “जो शेतकरी वेळेत अर्ज करेल.” इथे पूर्णविराम दिला तर वाचणारा विचारतो, त्याचे काय? ‘ज्यामुळे’, ‘ज्यात’, ‘ज्यावर’ यांनी सुरू होणारी सुटी वाक्ये हल्ली फार दिसतात. त्यावर उपाय एका अक्षराचा आहे. ‘ज’चा ‘त’ करायचा. “त्यामुळे सर्व घड कुजले.” वाक्य लगेच आपल्या पायावर उभे राहते.

‘कारण’ने सुरू होणारे वाक्य मात्र मी अर्धे मानत नाही. “बागेत जाता आले नाही. कारण ओढ्याला पाणी होते.” इथे दोन्ही वाक्यांना आपापले क्रियापद आहे. काही शिक्षक यालाही चूक म्हणतात, मला ते पटत नाही. तसेच क्रियापद नसलेले प्रत्येक वाक्य अर्धे नसते. “हे माझे घर.” “अति तिथे माती.” या वाक्यांत काही कमी नाही. आणि अर्जातली विषयाची ओळ तर ‘बाबत’वरच संपायला हवी : “विषय : द्राक्षबागेच्या नुकसानीचा पंचनामा होण्याबाबत.” ते वाक्य नाही, मथळा आहे. ते दुरुस्त करायला जाऊ नका.

मग ‘-ऊन’ शोधा आणि ‘कोणी?’ असे विचारा

ही चूक डोळ्यांना सहज दिसत नाही. ‘करून, जाऊन, बघून, घेऊन’ या धातुसाधितांना स्वतःचा कर्ता नसतो. वाक्याच्या मुख्य क्रियापदाचा जो कर्ता, तोच यांचाही. “आई स्वयंपाक करून बाजारात गेली.” स्वयंपाक केला आईने, गेलीही आईच. म्हणून अर्जातल्या प्रत्येक ‘-ऊन’खाली रेघ मारायची आणि दोनदा ‘कोणी?’ विचारायचे : एकदा त्या शब्दाला, एकदा शेवटच्या क्रियापदाला. उत्तर एकच आले तर ठीक.

“औषध फवारून पाऊस पुन्हा आला.” फवारले कोणी? मी. आला कोण? पाऊस. उत्तरे दोन आली. वाक्य जसे लिहिले आहे तसे वाचले तर पावसानेच पाठीवर पंप घेऊन औषध फवारले आणि मग तो परत आला. दुरुस्ती दोन तऱ्हांनी होते. एक, ‘फवारून’चे ‘फवारल्यावर’ करायचे, कारण ‘-ल्यावर’ला वेगळा कर्ता चालतो : “मी औषध फवारल्यावर पुन्हा पाऊस आला.” दुसरी तऱ्हा म्हणजे दोन्ही क्रियांना आपापले क्रियापद द्यायचे : “मी औषध फवारले, पण त्यानंतर पुन्हा पाऊस आला.” अर्जात मी दुसरी निवडते. आपण काय केले ते त्यात ठसठशीत दिसते.

“तलाठ्यांना फोन करून पंचनामा झाला नाही.” फोन माझा, पण शेवटी आहे ‘झाला नाही’, आणि त्याचा कर्ता पंचनामा. इथे मराठीने एक छान सोय ठेवली आहे. ‘-ऊन’ला ‘ही’ जोडले की कर्ता वेगळा चालतो. “मी सांगूनही तो आला नाही” हे आपण रोज बोलतो. फक्त ‘मी’ लिहायला विसरायचे नाही : “मी फोन करूनही पंचनामा झाला नाही.”

सगळ्यात जास्त वेळा येते ते शेवटचे वाक्य. मी अर्जदार काकांना विचारले, “काका, पाहणी कोण करणार?”

“कोण म्हंजे? सायबच की.”

“आणि भरपाई कुणाला मिळणार?”

“मला.”

“मग हे वाक्य बघा. पाहणी करून मला मिळावी. यात पाहणीही तुमच्याच गळ्यात पडलीय.”

कारण ‘मला मिळावी’, ‘मला वाटले’, ‘मला आनंद झाला’ अशा वाक्यांत ‘-ऊन’ त्या ‘मला’कडे धाव घेते. “बातमी ऐकून मला आनंद झाला” हे बरोबर आहे, कारण ऐकले मीच आणि आनंदही मलाच झाला. “पाहणी करून मला भरपाई मिळावी” यात मात्र पाहणी करणारा वाक्यात कुठेच नाही. कचेरीतल्या माणसाला अर्थ कळतो, हे खरे. हजारो अर्जांत हेच वाक्य असते. पण ज्याच्याकडून काम करून घ्यायचे आहे त्यालाच वाक्यातून गाळणे हा अर्जातला मोठा दोष आहे. ‘आपण’ घाला आणि क्रियापद त्याच्या हाती द्या : “आपण पाहणी करून मला भरपाई मंजूर करावी.”

जिथे दोन उत्तरे येऊनही चूक नसते

ही कसोटी डोळे मिटून लावली तर चांगली वाक्ये मोडतील. “पाऊस पडून बागा गेल्या.” पडला पाऊस, गेल्या बागा, तरी वाक्य बरोबर आहे. दोन्ही घटना कोणी मुद्दाम केलेल्या नाहीत, आणि एकीतून दुसरी घडली आहे. “लग्न होऊन दहा वर्षे झाली” हेही तसेच, तिथे काळ मोजला आहे. पण “पाणी ओसरून नागरिक घरी परतले” कानाला खटकते, कारण परतणे हे माणसाने ठरवून केलेले काम आहे. तिथे ‘ओसरल्यावर’च हवे.

“अर्ज तपासून निर्णय घेण्यात येईल” या सरकारी वाक्यात कर्ता दिसत नाही, पण तपासणारा आणि निर्णय घेणारा एकच आहे. म्हणून ते चालते. आपल्या अर्जातले “बागेत जाऊन पाहिले असता मणी तडकलेले दिसले” हेही चालते. गेलो मी, पाहिले मी, आणि ‘असता’ला पुढे वेगळा कर्ता चालतो. ‘असून’ही असेच मोकळे आहे. फक्त एका वाक्यात ते एकदाच वापरा. “रहिवासी असून, बाग असून, कर्ज असून” अशी रांग लागली की क्रियापद हमखास हरवते.

‘-ताना’बद्दल वेगळी काळजी घ्यावी लागते. त्याला वेगळा कर्ता चालतो, म्हणूनच ते फसवते. “रस्ता ओलांडताना मोटारसायकलने वृद्धाला धडक दिली.” ओलांडत कोण होते? पोलीस ठाण्यात द्यायच्या अर्जात हा प्रश्न उरला तर पुढे वाद होईल. ‘-ताना’ ज्याचे, त्या माणसाला त्याच्या शेजारी बसवा : “वृद्ध रस्ता ओलांडत असताना त्यांना मोटारसायकलने धडक दिली.” किंवा ‘-ताना’ काढूनच टाका : “रस्ता ओलांडणाऱ्या वृद्धाला मोटारसायकलने धडक दिली.”

दुरुस्त झालेला अर्ज

‘कोणी?’ विचारत गेले की अर्जात नसलेली माहितीही बाहेर येते. फोन कोणी केला असे विचारल्यावर काका म्हणाले, “मीच केला, दोनदा.” ते ‘दोनदा’ मूळ कागदावर नव्हते. मणी तडकले म्हणजे माल कुठल्या अवस्थेत होता, हे विचारल्यावर कळले की काढणी आठवड्यावर आली होती. शेवटी अर्ज असा झाला :

“मी या गावचा रहिवासी असून माझी दीड एकर द्राक्षबाग आहे. माल काढणीला आठवडा राहिला असताना अवकाळी पाऊस पडल्याने मणी तडकले. मी लगेच औषध फवारले, पण त्यानंतर पुन्हा पाऊस आला. त्यामुळे सर्व घड कुजले. तलाठ्यांना मी दोनदा फोन करूनही अद्याप पंचनामा झालेला नाही. तरी आपण बागेची पाहणी करून मला नुकसानभरपाई मंजूर करावी, ही विनंती.”

‘बागेत जाऊन पाहिले असता’ हे वाक्य बरोबर असूनही मी काढले, कारण तडकलेले मणी पाहायला मालक बागेत गेला हे वेगळे सांगायची गरज नव्हती. काकांनी छापील कागद हातात घेतला, शेवटची ओळ दोनदा वाचली आणि ‘आपण’ या शब्दावर अंगठा ठेवून विचारले, “ह्ये जरा ठळक करता येतंय का, ताई?”